बल्ब चांगले, डोंगल बहिरा

घरमालकांनी दोनदा बल्ब बदलून आणले होते. हॉलच्या छतातला बल्ब आणि कोपऱ्यातला प्लग झिग्बी नेटवर्कमध्ये, म्हणजे घरातल्या स्मार्ट उपकरणांच्या बिनतारी जाळ्यात, यायलाच तयार नव्हते. आमच्या आधी आलेल्या तंत्रज्ञाने ‘माल खराब’ म्हणून हात झटकले होते. या धंद्यात हे निदान फार लवकर होतं.

आधी रीसेट. या बल्बचा रीसेट सहा वेळा चालू-बंद करून होतो, पण लोक स्विच टकटक इतक्या घाईने दाबतात की आतल्या कपॅसिटरमधली वीज पुरती संपतही नाही आणि बल्ब ते मोजतच नाही. सेकंदभर चालू, सेकंदभर बंद, असं सावकाश केलं की बल्ब स्वतःहून लुकलुकतो. लुकलुकला नाही तर रीसेट झालाच नाही आणि तो जुन्याच हबला चिकटून आहे असं समजायचं. आमचा बल्ब छान लुकलुकला. प्लगचं बटण पाच सेकंद दाबल्यावर त्याचाही दिवा उघडझाप करू लागला.

जोडणीची २५४ सेकंदांची मुदत सुरू केली, पण लॉग कोराच. जोडणी अर्ध्यात फसली असती तर उपकरणाचा पत्ता तरी दिसला असता. इथे कोऑर्डिनेटरला, म्हणजे हे नेटवर्क चालवणाऱ्या मिनी पीसीवरच्या झिग्बी डोंगलला, काहीच ऐकू येत नव्हतं.

बल्ब काढून टेबललॅम्पमध्ये, डोंगलपासून हातभर अंतरावर लावला. लगेच जोडला गेला. परत छतात चढवला की गायब. सहकारी म्हणाला, “अंतर जास्त आहे, मधे सिग्नल पुढे पोचवणारा एक राउटर प्लग टाकू.” अंतर जेमतेम सात मीटर, मधे एकच भिंत! नंतर त्याला चॅनल बदलायचा होता. पण वाय-फाय चॅनल १ वर आणि झिग्बी २५ वर, म्हणजे २४१२ आणि २४७५ मेगाहर्ट्झ. वाय-फायचा इथे काही संबंध नव्हता, आणि चॅनल बदलल्यावर घरातली निम्मी उपकरणं नव्याने जोडावी लागली असती ती वेगळीच.

मग मिनी पीसीच्या मागे पाहिलं. डोंगल थेट पोर्टात आणि त्याला खेटून यूएसबी ३ ची बॅकअप डिस्क, सतत चालू. यूएसबी ३ ची केबल आणि कनेक्टर काम करताना २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. बल्बला कोऑर्डिनेटर नीट ऐकू येत होता, कारण गोंगाट बल्बपाशी नव्हताच. तो होता डोंगलच्या कानाशी. जवळून आलेला जोरदार सिग्नल त्यावर मात करायचा, सात मीटरवरचा बुडून जायचा.

डिस्क काढली, छतातल्या बल्बला पुन्हा रीसेट दिला आणि लॉगमध्ये पत्ता उमटला. डिस्क जोडल्यावर प्लग पुन्हा अडला. शेवटी डोंगल दीड मीटरच्या यूएसबी २ एक्स्टेंशनवर लांब नेला. डिस्क चालू असतानाच प्लगही आला.

राउटर प्लग टाकला असता तर बल्ब चालला असता, आम्ही निघून गेलो असतो आणि डोंगल तसाच बहिरा राहिला असता. परत केलेले ते बल्ब मात्र दुकानात ‘खराब’ म्हणून पडलेत; ते तपासायला कोण जाणार?