एकाच संत्र्यावर मच, मेनी, फ्यू आणि लिटल

या खेपेला रिकाम्या जागांचा अख्खा संच एकाच नामावर बांधायला घेतला: ऑरेंज. आपण मंडळी जे संच करतो त्यात साधारण वॉटर, मिल्क, शुगर एकीकडे आणि पेन, बुक, चेअर दुसरीकडे असतात. असा संच सोडवणारा वाक्य वाचतच नाही. रिकाम्या जागेनंतरचा शब्द पाहतो, त्याला शेवटी एस लागलाय का बघतो आणि मेनी किंवा मच टाकून मोकळा होतो. गुण भरपूर मिळतात, पण नाम मोजतात की मोजत नाहीत हे त्यानं कुठेच ठरवलेलं नसतं. म्हणून दोन्हीकडे जाणारं नाम हवं होतं. नागपुरात बसून ते शोधायला फार लांब जावं लागत नाही.

कळमन्याच्या बाजारात, पेटीत किंवा झाडावर असेपर्यंत ऑरेंज मोजतात: ‘हाऊ मेनी ऑरेंजेस आर देअर इन द क्रेट?’ तेच सोलून, गर काढून बर्फीत घातलं की मोजणं संपलं: ‘हाऊ मच ऑरेंज इज देअर इन धिस बर्फी?’ फळाचा आकार गेला, उरला तो गर आणि स्वाद. रंगाचंही तसंच. रांगोळीत भगवा जास्त झाला तर ‘टू मच ऑरेंज’. म्हणजे मोजता येणं हा नामाच्या अंगचा कायमचा गुण नाही, त्या वाक्यात आपण त्या वस्तूकडे कसं पाहतोय यावर ते ठरतं. व्याकरणाच्या गाइडांमध्ये नामांच्या दोन याद्या पाठ करायला देतात, त्यावर माझा राग आहे तो याचसाठी.

आता अडचण अशी की ‘टू ___ ऑरेंज’ असं छापलं तर एस नाही हे दिसतंच, उत्तर फुकटात मिळतं. म्हणून मी नामाचं मूळ रूप बाजूला देतो आणि दोन जागा रिकाम्या ठेवतो, एक प्रमाणाच्या शब्दाची, एक नामाच्या रूपाची. क्रियापदही ‘इज’ किंवा ‘आर’ येऊ देत नाही, कारण तेही चुगली करतं. पण एवढं सगळं झाकलं की वाक्य उघडं पडतं. ‘शी पुट सो ___ ___ इन द बर्फी’ यात ‘मच ऑरेंज’ बसतं आणि ‘मेनी ऑरेंजेस’सुद्धा बसतं, हलवाई फळं मोजूनही टाकू शकतो. अशा वेळी क्रियापद बदलायचं. ‘आय कॅन टेस्ट अ ___ ___ इन धिस टी’ असं केलं की एकच उत्तर उरतं, ‘अ लिटल ऑरेंज’. चहाच्या घोटात कुणाला चार संत्री मोजून लागत नाहीत. टेस्ट, स्मेल, अ‍ॅड अ ड्रॉप ऑफ अशी क्रियापदं न मोजण्याकडे ढकलतात. पिक, पील, पॅक इन डझन्स ही मोजण्याकडे.

संचातलं सगळ्यात अवघड वाक्य भावाचं निघालं. ‘हाऊ ___ आर द ऑरेंजेस?’ समोर अनेकवचन दिसतं, आर दिसतं, हात आपोआप मेनीकडे जातो. पण दुकानदार पुढच्या ओळीत म्हणतो, ‘एटी रुपीज अ डझन.’ म्हणजे प्रश्न पैशांचा होता आणि इथे मच हवं. हा मच ऑरेंजेसला लागलेलाच नाही, तो किमतीला लागलाय. नाम आपलं क्रियापदानंतर ‘द’सकट वेगळं उभं आहे. संख्या विचारायची असती तर नाम मेनीला चिकटून आलं असतं: ‘हाऊ मेनी ऑरेंजेस डू यू वॉन्ट?’ मराठीत ‘कितीला दिली?’ आणि ‘किती देऊ?’ दोन्हीकडे कितीच असतो, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना इथे फरक सहज जाणवत नाही. म्हणून हे दोन प्रश्न मी आता जोडीनंच देतो आणि प्रत्येकाखाली उत्तराची ओळ ठेवतो. उत्तराची ओळ काढली की कोडं सुटत नाही, नुसता अंदाज उरतो.

फ्यू आणि अ फ्यूवर मात्र जास्त वेळ गेला. चाचणीसाठी मुद्दाम एक उघडं वाक्य दिलं: ‘वी हॅव ___ ऑरेंजेस लेफ्ट.’ शेजारची दहावीतली पोरगी, जिच्यावर मी सगळे संच आधी करून पाहतो, लगेच म्हणाली, “काका, इथे तर सगळंच बसते.” बरोबर आहे तिचं. फ्यू, अ फ्यू, सम, सगळी उत्तरं व्याकरणात चालतात. फ्यू आणि अ फ्यूमध्ये संख्येचा फरक नाहीच, पेटीत तीच सहा संत्री असू शकतात. फ्यू म्हणणारा कमी पडतील म्हणून कुरकुरतो, अ फ्यू म्हणणारा आहेत ना अजून म्हणून निश्चिंत असतो. हे सुटं वाक्य सांगू शकत नाही, त्याला शेपूट लागतं. ‘सो लेट्स मेक सम ज्यूस’ जोडलं की अ फ्यू. ‘सो वी कान्ट मेक ज्यूस फॉर एव्हरीवन’ जोडलं की फ्यू.

पण पहिल्या शेपटानंतरही ‘सम’ बसतंच. तिला ते दिसलं, तिनं विचारलंही. त्याला हाकलायला जागेच्या आधी ‘ओन्ली’ ठेवलं. ‘ओन्ली अ फ्यू’ होतं. ‘ओन्ली फ्यू’ कानाला खटकतं आणि या वाक्यात ‘ओन्ली सम’ कुणी म्हणत नाही. गंमत म्हणजे ओन्ली आलं की सूर पुन्हा कुरकुरीचा होतो, तरी ‘अ’ मात्र हवाच. त्यामुळे ज्यूसवालं शेपूट काढून तिथे ‘वी मस्ट बाय मोअर’ लावावं लागलं. ‘व्हेरी’ ठेवलं तर उलट, तिथे ‘अ’ येऊच शकत नाही: ‘व्हेरी फ्यू ऑरेंजेस’. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे बऱ्यापैकी पुष्कळ, तो मी शेवटच्या पानासाठी राखून ठेवलाय. ‘क्वाइट’चं सोडलं तर लिटल आणि अ लिटलला हेच सगळं लागू होतं, फक्त ऑरेंजेसच्या जागी ज्यूस.

समबद्दल एकच नोंद. ‘वुड यू लाइक ___ ज्यूस?’ याची उत्तरपत्रिका करताना एनीही बरोबर धरावं लागतं. पाहुणचाराचा आग्रह म्हणून सम जास्त शोभतं, पण एनीला चूक ठरवणं अन्याय आहे. ज्यांना एकच उत्तर हवंय त्यांनी हे वाक्य घेऊच नये. होकारार्थी वाक्यात सुटा मच विचारणंही मी बंद केलंय. ‘वी हॅव मच ज्यूस’ नियमात बसतं, पण बोलण्यात कुणी तसं म्हणत नाही, तिथे ‘अ लॉट ऑफ’ येतं. मच नकारात, प्रश्नात किंवा सो, टू, अ‍ॅज यांच्यामागे विचारला की निर्मळ बसतो.

पुढचा संच तर्री पोह्यांवर. पोहे, तांदूळ, गहू, पैसे, केस हे मराठीत अनेकवचनात चालतात आणि इंग्रजीत त्यातलं प्रत्येक साधारणपणे न मोजण्याच्या बाजूला जातं. ‘मेनी राइस’, ‘मेनी मनी’ येतं ते इथूनच. पैशांची जोडी तयार आहे: ‘हाऊ मच मनी’ आणि ‘हाऊ मेनी रुपीज’. केसांवर घोडं अडलंय. डोक्यावरचे केस हेअर, एकवचनी, न मोजलेले. ताटात निघालेले मात्र ‘अ फ्यू हेअर्स’, एकेक मोजून. पोह्यांच्या संचात हे वाक्य घालावं की नाही, यावर घरात मतभेद आहेत.