बुधवारचे पैसे सोमवारी

शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४. शनिवारी आमचं ऑफिस दीडला बंद होतं. साडेबाराच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा भाचा दारात उभा. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात दोनशे पानी वही. "ताई, माझे सत्तावीस हजार कुठे अडकलेत ते जरा बघाल का?"

तो एम-थ्रीच्या, म्हणजे इंजिनीअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या, नोट्स विकतो. दोन पानं मी चाळली होती आणि मुलं १९९ रुपये का देतात ते कळलं होतं. एक विषय समोरासमोरच्या दोन पानांत संपतो. डाव्या पानावर सूत्र आणि ते कधी वापरायचं, उजवीकडे पूर्ण सोडवलेलं एक उदाहरण. लाप्लासच्या प्रत्येक प्रकारापुढे तो प्रश्न कोणत्या वर्षी आला होता ते समासात लिहिलेलं. पीडीएफमध्ये युनिटप्रमाणे बुकमार्क, त्यामुळे मोबाईलवर बोट फिरवत बसावं लागत नाही. विक्री त्याच्याच साध्या वेबसाइटवरून: पैसे पेमेंट गेटवेतून, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून विक्रेत्याला पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, भरले की पीडीएफची लिंक आपोआप ईमेलवर जाते.

अडचण मात्र कागदाची होती. हॉस्टेलच्या मुलांनी छापील संच मागितले होते, साठ. १४० पानं, पानाला एक रुपया, स्पायरलचे ३० रुपये, म्हणजे संचाला १७० रुपये आणि एकूण बिल १०,२०० रुपये. मुलं संच हातात पडला की रोख २५० देणार. झेरॉक्सवाले काका म्हणाले होते, संच तयार आहेत, पैसे आण आणि घेऊन जा. आणि याच्या बँक खात्यात होते ५,६४० रुपये.

"पण गेटवेवर तर २७,४६२ दिसतायत," तो म्हणाला आणि मोबाईल पुढे केला. दिसत होते खरे. बुधवारी २२ प्रती, गुरुवारी ४१, शुक्रवारी ५७, शनिवारी दुपारपर्यंत १८. एकूण १३८ प्रती, गुणिले १९९. हिशेब बरोबर होता, फक्त तो विक्रीचा होता. खात्यात काय येणार आणि कधी येणार, हे त्या आकड्यात कुठेच नव्हतं.

मी त्याला एका व्यवहारासमोरचा शब्द वाचायला सांगितला. तिथे `captured` लिहिलं होतं. त्याचा अर्थ एवढाच, की गिऱ्हाइकाच्या बँकेतून पैसे निघाले आणि गेटवेने ते आपल्या नोंदीत घेतले. विक्रेत्याच्या खात्यात ते पडतात तेव्हा त्याच व्यवहारासमोर `settled` दिसतं आणि सोबत एक यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या रकमेचा बँकेतला ओळख क्रमांक, येतो. तोच क्रमांक बँकेच्या स्टेटमेंटमध्येही असतो. या दोन शब्दांमधल्या काळात पैसे गेटवेच्या स्वतःच्या खिशात नसतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ते एका बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे विक्रेत्यांच्या पैशांसाठी वेगळ्या राखलेल्या खात्यात, ठेवावे लागतात. त्यामुळे बुडण्याची भीती नव्हती. भीती होती ती शनिवार संध्याकाळची.

त्याच्या करारात लिहिलं होतं, टी अधिक दोन कामकाजाचे दिवस. टी म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे भरले तो दिवस. याने ते "दोन दिवसांत" असं वाचलं होतं. बुधवारचे शुक्रवारी, गुरुवारचे शनिवारी, असा त्याचा अंदाज, आणि त्या अंदाजावरच काकांना शनिवारची वेळ दिलेली.

वहीच्या मागच्या पानावर आम्ही तारखा मांडल्या. बुधवार १३ म्हणजे टी. गुरुवार १४, पहिला कामकाजाचा दिवस. शुक्रवार १५, गुरू नानक जयंती, मुंबईत बँकांना सुट्टी आणि गेटवेच्या सुट्ट्यांच्या यादीतही. शनिवार १६ महिन्यातला तिसरा शनिवार. "म्हणजे आज बँक चालू आहे," तो लगेच म्हणाला. बँक चालू होती हे खरं, कारण बँका फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. पण या गेटवेच्या करारात सगळे शनिवार सुट्टीत धरलेले होते. इथे बँकेचं कॅलेंडर चालत नाही, करारातलं चालतं. रविवार गेला. सोमवार १८, दुसरा कामकाजाचा दिवस. बुधवारचे पैसे सोमवारी.

गुरुवारची गत आणखी मजेशीर. गुरुवार टी, सोमवार पहिला दिवस, मंगळवार दुसरा. शुक्रवारच्या विक्रीलाही सोमवार पहिला आणि मंगळवार दुसरा. शनिवार-रविवारचंही तेच. चार दिवसांची विक्री एकाच मंगळवारी, एकाच रकमेत येणार. शिवाय परीक्षेच्या तोंडावर मुलं रात्री जागून खरेदी करतात. बुधवारी रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी आलेले पैसे गुरुवारचे धरले जातात, म्हणजे वीस मिनिटांसाठी ते सोमवारवरून मंगळवारवर ढकलले जातात.

"पण एनईएफटी तर रविवारीही होतं ना?" त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, सगळे दिवस चालतं. पण उशीर पैसे पाठवण्यात होत नाही. त्याआधी गेटवेला बँकांकडून आलेली रक्कम एकेका व्यवहाराशी जुळवून घ्यावी लागते, आणि ते काम त्यांनी कामकाजाच्या दिवसांना बांधलेलं असतं.

ताबडतोब पैसे मिळवण्याचं एक बटणही पडद्यावर होतं, थोडा जादा आकार घेऊन. पण खातं नवं असल्यामुळे ते राखाडी पडलेलं होतं, दाबलं जात नव्हतं. मग उरलं काय? त्याच्याजवळचे ५,६४० आणि साठ संच. मी विचारलं, "सगळे साठ एकदम का उचलायचे?" ५,१०० रुपयांत तीस संच येतात. ते तीस हॉस्टेलवर दिले की हातात ७,५०० रोख, आणि त्यातून उरलेल्या तिसांचे ५,१०० सुटतात. त्याने तिथूनच काकांना फोन लावला. काका म्हणाले, "अरे मग आधी बोलायचं ना!" रात्री नऊला दुसरी खेप निघाली.

जाता जाता तो म्हणाला, पुढच्या वेळी गेटवेच नको, स्वतःच्या यूपीआयचा क्यूआर लावतो, पैसे त्याच क्षणी येतील. येतील, पण मग पीडीएफ कोण पाठवणार? त्या क्यूआरला वेबसाइटवरचा गिऱ्हाईक कोण हे कळत नाही. मुलं स्क्रीनशॉट पाठवतात, तो हाताने लिंक धाडतो, आणि स्क्रीनशॉट बनावट निघायला फार अक्कल लागत नाही. साठ संच समोरासमोर देताना क्यूआर उत्तम. रात्री दोन वाजता पीडीएफ विकताना नाही.

सोमवारी दुपारी तो पुन्हा आला. पैसे आले होते, पण तोंड उतरलेलं. बावीस प्रतींचे ४,३७८ व्हायला हवेत आणि जमा झाले ३,४७८ रुपये ६० पैसे. "ताई, नऊशे रुपये खाल्ले."

आधी आकाराचा हिशेब. गेटवेचा दर दोन टक्के, १९९ वर ३ रुपये ९८ पैसे. त्या आकारावर (विक्रीवर नव्हे) १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७२ पैसे. एका प्रतीमागे ४ रुपये ७० पैसे जातात आणि १९४ रुपये ३० पैसे उरतात. बावीस प्रतींचे ४,२७४ रुपये ६० पैसे. तरीही ७९६ रुपये कमीच.

७९६ म्हणजे चार वेळा १९९. मी विचारलं, कोणाचे पैसे परत केलेस का? त्याला आठवलं. शुक्रवारी रात्री हॉस्टेलच्या वायफायने दगा दिला होता. चार जणांच्या यूपीआय ॲपवर व्यवहार प्रलंबित दिसत राहिला, त्यांनी पुन्हा पैसे भरले, आणि थोड्या वेळाने पहिलाही व्यवहार पार पडला. चौघांचे दोनदा गेले. याने शनिवारी रात्री गेटवेवरूनच चारही रिफंड करून टाकले होते. केलं ते योग्यच. मात्र रिफंडचे पैसे त्या त्या शुक्रवारच्या विक्रीतून जात नाहीत. गेटवेकडे तुमची जी रक्कम यायची बाकी असते तिच्यातून ते वळते होतात. शनिवारी केलेल्या रिफंडचा फटका म्हणून सोमवारी येणाऱ्या बुधवारच्या पैशांना बसला. आणि मूळ व्यवहाराचे ४ रुपये ७० पैसे गेटवे परत देत नाही, म्हणजे चार रिफंडांत १८ रुपये ८० पैसे पदरचे गेले.

दोन गोष्टी मी त्याला वहीत लिहून घ्यायला लावल्या. रिफंड करण्याआधी दोन्ही व्यवहारांसमोर `captured` आहे ना ते बघायचं. एकासमोर `failed` असेल तर कापलेले पैसे बँकेकडूनच गिऱ्हाइकाला परत जातात, आणि याने घाईने दुसऱ्याचा रिफंड केला तर त्या मुलाला नोट्स फुकट मिळतात. दुसरं, कोणी कितीही गयावया केली तरी स्वतःच्या यूपीआयवरून पैसे परत पाठवायचे नाहीत. गेटवेच्या नोंदीत ती विक्री तशीच राहते, आणि उद्या त्या मुलाने बँकेत तक्रार केली तर तीच रक्कम पुन्हा कापली जाऊ शकते.

माझ्या हिशेबाच्या धंद्याची म्हणून एक गोष्ट मी जोडली. वहीत उत्पन्न म्हणून ३,४७८.६० लिहायचे नाहीत. विक्री ४,३७८, खर्च १०३.४०, रिफंड ७९६, असे तीन वेगळे रकाने. नाहीतर मार्चमध्ये गेटवेचा अहवाल आणि बँकेचं स्टेटमेंट समोरासमोर ठेवलं की दोन्ही खोटी वाटायला लागतात.

मंगळवारचा आकडा त्याने आदल्या संध्याकाळीच पेन्सिलने मांडून ठेवला होता. गुरुवार ४१, शुक्रवार ५७, शनिवार पूर्ण दिवसाच्या ३३, रविवार २६. एकूण १५७ प्रती, गुणिले १९४.३०, म्हणजे ३०,५०५ रुपये १० पैसे. मंगळवारी अकराच्या सुमारास बँकेचा एसएमएस आला: ३०,३०६.१०. मी मान वर करून बघितलं. तो वहीत पुढच्या रकान्यात १९९ लिहीत होता.

"काल रात्री एकीचा रिफंड केला," तो म्हणाला. "तिने एम-टूच्या समजून घेतल्या होत्या."