गुरुजींची चप्पल दाराबाहेरच राहिली

जुलै 2024 मधली गोष्ट. सोलापुरातल्या एका रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. त्या दिवशी एक निवृत्त शिक्षक सुनेचा हात धरून माझ्या खोलीत आले आणि खुर्चीवर टेकले. सून म्हणाली, "मामा, डाव्या पायातली चप्पल कुठंय?" गुरुजींनी खाली पाहिलं. चप्पल दाराबाहेर निसटून पडली होती आणि पाय उघडा आहे हे त्यांना नजरेनं बघितल्यावरच कळलं.

माझ्याकडे ते दुसऱ्यांदा येत होते. तीन महिन्यांपूर्वी फिजिशियन डॉक्टरांनी "हिमोग्लोबिन वाढत नाही, लोहयुक्त आहार सांगा" अशी चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. तेव्हा मी हिरव्या भाज्या, हळीव, खजूर आणि जेवणात लिंबू असं सगळं लिहून दिलं. "आणखी काही औषधं चालू आहेत का?" असंही विचारलं होतं. ते "नाही" म्हणाले आणि मी ते तसंच लिहून घेतलं. ती नोंद आजही माझ्या वहीत आहे.

आता हिमोग्लोबिन 9.4 वरून 8.1 वर आलं होतं. लोहाच्या गोळ्या नियमित चालू होत्या. शरीरातला लोहाचा साठा सांगणारा फेरिटिनचा आकडा चांगला होता, म्हणजे लोह होतं पण वापरलं जात नव्हतं. पांढऱ्या पेशी 2400, प्लेटलेट मात्र व्यवस्थित. बी-12 ची इंजेक्शनं होऊन गेली होती, तीही पातळी उत्तम. पुढच्या आठवड्यात बोन मॅरोची तपासणी ठरली होती आणि घरात कुणी उच्चार करत नसलं तरी सगळ्यांच्या मनात रक्ताच्या कर्करोगाची भीती होती.

मी पायांबद्दल विचारलं. चार-पाच महिन्यांपासून तळव्यांना कापूस बांधल्यासारखं वाटतंय, असं ते म्हणाले. सुनेनं भर घातली, "सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की मामांचा तोल जातो. दोनदा पडता पडता वाचले. रात्री लाइट गेली की जागचे हलत नाहीत." डोळे मिटल्यावर तोल जाणं याचा अर्थ पायांकडून मेंदूला जाणारी खबर वाटेतच अडते आहे. बी-12 कमी असलं की हेच होतं. पण त्यांचं बी-12 तर भरपूर होतं.

मग जेवण विचारलं. आयुष्यभर कडक भाकरी, शेंगाची चटणी, मटकीची उसळ, आमटी. आता मात्र सहा महिने भाकरी बंद आणि मऊ भात सुरू. का, तर पोट सारखं ढिलं राहतं. "भाकरी पचत नाही आता," गुरुजी म्हणाले. सत्तरी उलटलेल्या माणसाला ज्वारी एकाएकी पचेनाशी होते हे मला पटेना. या वेळी मी औषधं हा शब्दच वापरला नाही. विचारलं, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय टाकता? ताकदीचं, आयुर्वेदिक, टीव्हीवर बघून आणलेलं, सगळं सांगा."

सुनेनं पर्समधून एक कापडी पिशवी काढली. "ह्या त्यांच्या ताकदीच्या गोळ्या. ह्या औषधात धरत नाहीत ना?"

पिशवीत तीन पाकिटं होती. पहिलं झिंकचं. एलिमेंटल झिंक, म्हणजे निव्वळ जस्त, 50 मिलिग्रॅम, रोज एक. मे 2021 मध्ये कोरोना झाला, तोंडाची चव गेली, तेव्हा पंधरा दिवसांसाठी कुणीतरी लिहून दिलं होतं. चव परतली, पण गोळी सुटली नाही. जस्त कमी पडलं की चव जाते, जखमा लवकर भरत नाहीत, केस गळतात, सारखा संसर्ग होतो, असं त्यांनी वाचलं होतं. ते खरंच आहे. पण चव विषाणूमुळेही जाते आणि केस गळायला तर कितीतरी कारणं असतात. गुरुजींच्या ताटातली भाकरी, मटकी आणि शेंगदाणे बघता त्यांना जस्त कमी पडत असेल असं मला वाटत नाही.

दुसरं पाकीट मल्टिव्हिटॅमिनचं. त्यावर झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 61.8 मिलिग्रॅम असं लिहिलेलं. हा आकडा पूर्ण क्षाराचा असतो. त्यात निव्वळ जस्त साधारण 22 मिलिग्रॅम. म्हणजे रोज 72 मिलिग्रॅम, तेही जेवणातलं सोडून. आपल्याकडच्या 2020 च्या शिफारशींनुसार पुरुषाची दिवसाची गरज 17 मिलिग्रॅम आणि अन्न-गोळ्या मिळून वरची मर्यादा 40. एखाद्या दिवशी ती ओलांडली तर काही बिघडत नाही. गुरुजींनी ती तीन वर्षं ओलांडली होती.

मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, "तांबं?"

जस्त जास्त झालं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मेटॅलोथायोनीन नावाचं एक प्रथिन भराभर तयार करू लागतात. ते जस्ताला धरून ठेवायला असतं, पण त्याची पकड तांब्यावर जास्त घट्ट. जेवणातून आलेलं तांबं त्या पेशींमध्येच अडकतं आणि काही दिवसांनी पेशी झडल्या की त्यांच्याबरोबर शौचावाटे निघून जातं. रक्तात पोचतच नाही. विल्सनच्या आजारात शरीरात तांबं साचतं, तिथे डॉक्टर याच गुणासाठी जस्त मुद्दाम देतात. गुरुजी नकळत तोच उपचार घेत होते, आजार नसताना. तांब्याशिवाय साठ्यातलं लोह बाहेर निघत नाही, पांढऱ्या पेशी घटतात आणि पाठीच्या कण्यातल्या नसांना थेट बी-12 च्या कमतरतेसारखीच इजा होते.

डॉक्टरांना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "सगळ्या गोळ्या आजच बंद करा. कॉपर आणि सेरुलोप्लाझ्मिन पाठवतो. मॅरो थांबवू." सेरुलोप्लाझ्मिन म्हणजे रक्तातलं तांबं वाहून नेणारं प्रथिन. अशा तपासणीचं रक्त नेहमीच्या नळीत घेतलं तर काचेतल्या आणि बुचातल्या धातूंनी आकडा बिघडू शकतो, त्यामुळे गडद निळ्या टोपणाची वेगळी नळी लागते. ती प्रयोगशाळेतून मागवण्यात अर्धा तास गेला.

त्या अर्ध्या तासात सुनेशी बोलणं झालं. ती अंगणवाडी सेविका आहे. जुलाब झालेल्या बाळांच्या आयांना ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्या ती स्वतः देते. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी चौदा पूर्ण करायचे. "चौदाच्या पुढं आम्ही एक गोळी देत नाही," ती म्हणाली आणि पिशवीकडे बघत राहिली. "आणि घरात तीन वर्षं चाललंय." मी तिला सांगितलं की तुम्ही पिशवी आणलीत म्हणून तर कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तिसरं पाकीट मॅग्नेशियमचं, रात्री पोटरीत गोळे येतात म्हणून मेडिकलमधून आणलेलं. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या दोन गोळ्या, मिळून जवळपास 500 मिलिग्रॅम. पोट ढिलं होण्याचं कारण हेच होतं. हा क्षार फारसा शोषला जात नाही, आतड्यात पाणी ओढून धरतो. बद्धकोष्ठावरच्या औषधांत त्याचा उपयोग होतो तो त्यामुळेच. गोळ्यांच्या ढिल्या पोटाचा दोष भाकरीवर गेला आणि भाकरी बंद झाली. मला याचं फार वाईट वाटलं, कारण दोन भाकरींच्या 120 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 150 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं आणि तेवढ्याच पांढऱ्या तांदळात पंचवीसही नसतं. तीळ, शेंगदाणे, डाळी, पालेभाज्या यांतही ते भरपूर.

वयस्कर माणसांच्या पोटरीतल्या गोळ्यांना मॅग्नेशियमचा फारसा फायदा होत नाही, असं आतापर्यंतचे अभ्यास सांगतात. खरी कमतरता बहुधा वेगळ्या माणसांत दिसते: वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेणारे, लघवी वाढवणारी औषधं चालू असणारे, दारू पिणारे, जुनाट जुलाब असणारे. त्यांचे हात थरथरतात, स्नायू फडफडतात, छातीत धडधडतं, आणि रक्तातलं पोटॅशियम कितीही दिलं तरी वर येत नाही. रक्तातला मॅग्नेशियमचा आकडा नॉर्मल असला तरी कमतरता नाही असं ठामपणे म्हणता येत नाही, कारण शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्कासुद्धा रक्तात नसतो. उलट मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तीचं बाहेर पडत नाही; सुस्ती येते, रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके मंदावतात. गुरुजींचं क्रिएटिनिन आम्ही लगेच पाहिलं. 1.1 होतं, त्यामुळे तेवढी एक काळजी मिटली.

पाच दिवसांनी अहवाल आला. तांबं 14 मायक्रोग्रॅम, जिथे किमान 70 असायला हवं. सेरुलोप्लाझ्मिन 4, तेही विसाच्या आसपास हवं होतं. जस्त वाढलेलं.

गुरुजींच्या पत्नीनं विचारलं, "मग तांब्याच्या तांब्यातलं पाणी देऊ का?" प्रश्न अगदी रास्त होता. पण त्या पाण्यात उतरणारं तांबं थोडं आणि बेभरवशाचं असतं, आणि आतड्यातली अडवणूक जस्त बंद केल्यावरही काही आठवडे चालूच राहते. डॉक्टरांनी तांब्याच्या गोळ्या मोजून दिल्या, सुरुवातीला दिवसाला 8 मिलिग्रॅम, मग दर आठवड्याला उतरवत 2 वर. मी आहारात नवं असं काहीच लिहिलं नाही. भाकरी परत सुरू करा, शेंगाची चटणी परत सुरू करा, जेवणानंतर थोडे तीळ खा, मटकी मोड आणूनच करा, एवढंच. मोड आले की कडधान्यातलं जस्ताला अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि जस्त अंगी लागायचं प्रमाण वाढतं. गोळीची गरज पडू नये म्हणून हेच करायचं असतं.

पोट चौथ्या दिवशी जागेवर आलं. सहा आठवड्यांत पांढऱ्या पेशी 5100 झाल्या, हिमोग्लोबिन 10.9. दिवाळीपर्यंत ते 12.6 वर गेलं. बोन मॅरोची तपासणी करावीच लागली नाही.

पाय मात्र तेवढे सुधारले नाहीत. रक्ताच्या पेशी नव्या तयार होतात, नसांचं तसं नसतं. बधिरपणा वर चढायचा थांबला, पण वर्षानंतरही घोट्यापर्यंत राहिला आहे. गेल्या खेपेला गुरुजी काठी घेऊन, पायात मागून पट्टा असलेले सँडल घालून आले होते. तोंड धुवायला सुनेनं बेसिनपाशी स्टूल ठेवलंय, बसूनच धुतात.