रेट लिमिटर, पुढची नोंद: काउंटरसुद्धा १९० सोडतो

मर्यादा मिनिटाला १०० रिक्वेस्टची. टोकन बकेटचं दुखणं मागच्या नोंदीत झालंच आहे. क्षमता १०० आणि भरण्याचा वेग मिनिटाला १०० ठेवला, तर काठोकाठ भरलेली बकेट पहिल्या ६० सेकंदांत जवळपास २०० रिक्वेस्ट सोडते. यावर इंटरव्ह्यूच्या डिझाइन राउंडमधलं ठरलेलं उत्तर म्हणजे "मग स्लायडिंग विंडो काउंटर घ्या, तो काटेकोर असतो." या वेळी ते उत्तर आकडे घालून तपासलं, आणि मजा तिथेच आली.

काउंटरचं सूत्र, prev म्हणजे मागच्या आणि curr म्हणजे चालू मिनिटातल्या रिक्वेस्ट, t म्हणजे चालू मिनिटातले सरलेले सेकंद:

```
estimate = prev * (60 - t) / 60 + curr
```

समजा आधी सगळं शांत होतं आणि मागच्या मिनिटातल्या १०० रिक्वेस्ट शेवटच्या ६ सेकंदांत एकदम आल्या. आता t = 54. मागच्या मिनिटाचा वाटा उरला १०, म्हणजे चालू मिनिटात तोवर ९० जाऊ शकतात. पण त्या १०० अजून ६० सेकंदांच्या आतच आहेत. प्रत्यक्षात १९० गेल्या! मागच्या मिनिटातल्या रिक्वेस्ट सारख्या पसरलेल्या होत्या, हे सूत्राने गृहीत धरलंय. त्याचा हा भुर्दंड. उलटंही होतं: त्याच १०० मिनिटाच्या पहिल्याच सेकंदात आल्या असतील, तर t = 30 ला खरी संख्या शून्य असते, तरी सूत्र ५० धरतं आणि ५० नंतरच्या रिक्वेस्ट विनाकारण 429 खातात.

नीट पाहिलं तर पहिल्या उदाहरणात काउंटर दर सेकंदाला १.६७ जागा मोकळ्या करतो. बकेटही याच वेगाने भरते! मेमरीचा मुद्दाही फारसा टिकत नाही, कारण दोघांनाही प्रत्येक कीमागे दोन-तीन आकडेच लागतात. खरा फरक एवढाच, की बकेटमध्ये बर्स्ट वेगळा ठरवता येतो. कुठल्याही ६० सेकंदांत जास्तीत जास्त क्षमता अधिक मिनिटाचं भरणं. क्षमता २० आणि वेग मिनिटाला ८० ठेवला, की १०० ची मर्यादा कधीच मोडत नाही. किंमत अशी, की संथपणे मिनिटाला ९० पाठवणाऱ्या क्लायंटलाही दीर्घकाळात ८०च मिळतात. ती चालत नसेल, तर प्रत्येक रिक्वेस्टची वेळ साठवणारा लॉग हवा, कीमागे १०० नोंदींसकट.

Redis मध्ये वाचणं आणि लिहिणं एकाच Lua स्क्रिप्टमध्येच. वेगळे GET-SET केले, तर दोन सर्व्हर तेच शेवटचं टोकन वाटतात. WATCH चालतं, पण गर्दीच्या कीवर नुसते रीट्राय होत बसतात.

पुढे काउंटरच ट्यून करायचा बेत होता, तो आता रद्द. त्याऐवजी बकेटमधलं पूर्णांकाचं भूत: मिनिटाला ८० च्या वेगात दर अर्ध्या सेकंदाला येणाऱ्या क्लायंटच्या वाट्याला ०.६७ टोकन येतं, floor केलं की शून्य, आणि वेळ मात्र पुढे सरकते. म्हणजे बकेट कधी भरतच नाही. टोकन मिलि-टोकनमध्ये मोजून पाहायचे आहेत.