शॉर्टला कॉलचं कवच होतं, तरी मार्जिनचा फोन आलाच

ब्रोकरच्या रिस्क डेस्कवर माझा अजूनही राग आहे, म्हणून हे लिहितो.

100 च्या भावाने मी 1000 शेअर शॉर्ट केले होते, म्हणजे उसने घेऊन विकले होते. त्याच दिवशी 110 स्ट्राइकचे तेवढ्याच शेअर्सचे कॉल, म्हणजे 110 ला शेअर घ्यायचा हक्क, शेअरमागे 4 प्रीमियम देऊन घेतले. भाव कितीही चढला तरी शेअरमागे तोटा 10 अधिक 4, म्हणजे 14 च्या वर जाणार नव्हता. स्टॉपलॉसवर माझा भरवसा नाही. बाजार उघडतानाच भाव उडी मारून वर गेला, तर स्टॉपलॉस त्या वरच्या भावालाच भरला जातो. ऑक्टोबर 2008 मध्ये फोक्सवॅगनचा शेअर दोन दिवसांत 200 च्या आसपासवरून 1000 युरोंच्या पार गेला होता.

माझाही शेअर एका सकाळी 150 ला उघडला. शॉर्टमध्ये 50,000 चा तोटा दिसत होता आणि कॉलची किंमत किमान 40,000 असायला हवी होती. तरीही फोन आला: मार्जिन, म्हणजे तारणाची रक्कम, भरा, नाहीतर दुपारपर्यंत आम्ही पोझिशन कापतो. शॉर्टचा तोटा ते रोख मागत होते. कॉलचा नफा मात्र विकेपर्यंत कागदावरचाच, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही पोझिशन एकत्र धरायची सोय त्यांच्या सिस्टीममध्ये नव्हती. "मग आधी कॉल विका," असा सल्लाही मिळाला. भाव असा उसळत असताना, ऐन स्क्वीझमध्ये, कॉल विकले की शॉर्ट उघडा पडतो, हे त्या माणसाला सांगावं लागलं याचा मला फार संताप आला.

त्यात कॉल घेणाऱ्यांची बिड होती 37 ची. विकले असते तर शेअरमागे 3 हकनाक गेले असते. म्हणून मी कॉल एक्सरसाइज करायचं ठरवलं: 110 ने शेअर घ्यायचे आणि तेच शॉर्टला द्यायचे. शॉर्टचे 1,00,000 खात्यात अडकलेले होतेच, वर फक्त 10,000 लागत होते. बिड 40 च्या वर असती, तर कॉल विकून त्याच वेळी शेअर परत घेणं फायद्याचं ठरलं असतं. फॉर्मवर "शॉर्टपोटी" असा पर्याय नव्हता, म्हणून मी ईमेलवर लेखी सूचना दिली आणि पोच मिळेपर्यंत फोन सोडला नाही. कटऑफच्या आधी ती आली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

हे जमलं, कारण ऑप्शन अमेरिकन पद्धतीचा होता. युरोपियन असेल तर मुदतीआधी एक्सरसाइज करता येत नाही, तेव्हा घेतानाच बघा. दोन्ही पोझिशन एकत्र धरून मार्जिन लावता का, हेही ब्रोकरकडून आधीच लेखी घ्या. कॉल शॉर्ट करतानाच घ्या. भाव उसळल्यावर प्रीमियम आवाक्यात राहत नाही. आणि त्या 14 मध्ये शेअर उसने घेतल्याचं व्याज धरलेलं नाही. मधे लाभांश जाहीर झाला तर तोही शॉर्टवाल्याच्याच खिशातून जातो.