आमची वाटचाल: रंग सुटलेल्या चादरीनंतर ठरलेले परतीचे नियम

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे चादरी आणि टॉवेलचे छोटे युनिट आहे. बरीच वर्षे माल व्यापाऱ्यांनाच जायचा. अलीकडे व्हॉट्सॲपवरून थेट घरोघरी जातो. व्यापारी गठ्ठा उघडून तपासतो आणि खोट दिसली की तिथल्या तिथे दर तोडतो. घरच्या गिऱ्हाईकाला मात्र खोट कळते ती चादर धुतल्यावर. परतीचे नियम करताना हा फरक पहिल्यांदा नीट लक्षात घ्यावा लागला.

निमित्त झाले नाशिकच्या एका ताईंच्या तक्रारीचे. त्यांनी आमची मरून चादर घेतली होती. लेबलवर लिहिल्याप्रमाणे पहिली दोन धुणी वेगळी, थंड पाण्यात केली आणि तिसऱ्या वेळी इतर कपड्यांबरोबर भिजवली. सासूबाईंचे पांढरे पातळ गुलाबी झाले. फोनवर म्हणाल्या, "भाऊ, चादरीचं राहू द्या, पातळाचं काय ते बोला."

त्या लॉटची शिल्लक चादर काढली. कडेच्या तुकड्याला पांढरे सुती कापड टाचले आणि दोन्ही गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवले. कापड वाळल्यावर मूळ कापडाशेजारी उजेडात धरले, तर गुलाबी झाक स्पष्ट दिसत होती. कारण डाईंगमध्ये होते. रिॲक्टिव्ह रंगाचा काही भाग सुताला न चिकटता पाण्याशीच संयोग पावतो आणि धाग्यात नुसता अडकून राहतो. तो उकळत्या साबणाच्या धुण्याने काढून टाकावा लागतो. त्याला पाणी आणि जळण लागते, म्हणून घाईत तेच धुणे आखडते घेतले जाते. मरून, नेव्ही ब्लू, काळा अशा गडद छटांत रंगच जास्त वापरलेला असतो, म्हणून सुटतोही जास्त. कोरडी चादर हातात घेऊन हे कधीच कळत नाही.

आता आमच्या बिलबुकावरच्या जुन्या दोन ओळी पाहा: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' आणि 'घडी मोडलेला, धुतलेला माल बदलून मिळणार नाही'. पहिली ओळ सदोष मालाला लावता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दुसरी ओळ माझ्या मते जास्त अन्यायाची. रंगाचा दोष धुतल्याशिवाय दिसत नाही आणि धुतले की परत घेणार नाही, म्हणजे गिऱ्हाईकाला कुठूनच वाट नाही.

म्हणून तक्रारींचे दोन भाग केले. माप, विणीतले भोक, तुटलेले धागे हे घडी उघडताच दिसते. त्यासाठी माल मिळाल्यापासून ७ दिवस. रंग सुटणे आणि माप आटणे यासाठी ९० दिवस, आणि धुतलेली चादरही चालेल. बिल आणि लेबलवरच्या लॉट नंबरचा फोटो एवढेच मागतो. ऑनलाइन व्यापाराच्या २०२० च्या नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, अशी मुदत आहे. आम्ही पोच त्याच दिवशी देतो आणि निर्णय आठवड्यात. दोष आमचा ठरला तर येण्याजाण्याचे कुरिअर आमचे. पैसे की दुसरी चादर, हे गिऱ्हाईक ठरवेल.

पातळाचा प्रश्न घरात बराच चर्चिला गेला. धाकट्या भावाचे म्हणणे, चादरीचे पैसे द्यावेत, बाकीची जबाबदारी आपली नाही. पण सदोष वस्तूमुळे दुसऱ्या वस्तूचे झालेले नुकसानही कायद्याच्या 'उत्पादन दायित्वा'त येते. ताईंनी तर लेबलवरची सूचना पाळली होती. चादरीचे ७८० रुपये आणि पातळाची किंमत त्यांना यूपीआयने दिली. त्या लॉटची शिल्लक विक्रीतून काढली आणि ती चादर घेतलेल्या सगळ्यांना आपणहून फोन केले: पांढऱ्या कपड्यांत टाकू नका, पैसे हवेत की बदली, ते सांगा.

रंगाई करणाऱ्याशीही आता लिखित बोली आहे. प्रत्येक गडद लॉटच्या सुताचा नमुना आम्ही पांढऱ्या कापडाबरोबर उकळून पाहतो, मगच ते सूत मागावर चढते. चाचणीत रंग सुटला तर लॉट परत, दुसऱ्यांदा साबणात धुण्याचा खर्च त्यांचा.

नकारही द्यावा लागतो. ब्लीचिंग पावडर पडली तर चादरीवर फिके, कडा स्पष्ट असलेले डाग उठतात. पांढऱ्या कापडावर मात्र रंग उतरत नाही. अशा वेळी आम्ही आमच्या चाचणीचा फोटो पाठवून पैसे परत न देण्याचे कारण लिहून कळवतो. पटले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते; तिचा १९१५ हा नंबर आम्ही आता बिलावरच छापतो.