सी-7 च्या फूटिंगचा वीतभर फरक

पुण्याच्या वेशीजवळ खाली पार्किंग आणि वर पाच मजले अशी एक साधी निवासी इमारत उभी राहत होती. तिच्या फूटिंगची, म्हणजे कॉलमखालच्या रुंद पायाची, लोखंडी जाळी तपासण्यासाठी मी सकाळी नऊच्या सुमारास साइटवर पोहोचलो, तेव्हा पीसीसी, म्हणजे तळाचा साध्या काँक्रीटचा थर, झालेली होती, जाळ्या बांधून कव्हर ब्लॉकवर ठेवलेल्या होत्या, कॉलमचे बार उभे राहिले होते आणि सुपरवायझरने मला खड्ड्यात उतरू देण्याआधीच बजावले, "साहेब, दुपारी दोनला आरएमसीची, तयार काँक्रीटची गाडी येतेय, तेवढ्यात सही करून टाका." मी जाळीचे अंतर आणि कव्हर मोजत पुढे सरकत होतो. कडेच्या सी-6 या कॉलमचे फूटिंग 1.90 मीटर चौरस होते आणि त्याच्या शेजारच्या, इमारतीच्या मधोमध असलेल्या सी-7 चे 2.15 मीटर चौरस होते. दोघांत जेमतेम वीतभर फरक होता, आणि तो वीतभर फरक मला खटकला.

कडेच्या कॉलमवर एकाच बाजूने स्लॅब येतो. मधल्या कॉलमवर चारही बाजूंनी येतो. कडेला बाहेरच्या जाड भिंती असतात हे खरे, त्यामुळे मधला भार कडेच्या दुप्पट होत नाही. पण या दोन फूटिंगांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण 3.6 ला 4.6, म्हणजे जेमतेम सव्वापट होते. माझ्या अंदाजाने ते दीडपटीच्या आसपास असायला हवे होते. जमीन कठीण मुरुमाची होती आणि अहवालाप्रमाणे तिची सुरक्षित वहनक्षमता चौरस मीटरला 250 किलोन्यूटन धरली होती, तेव्हा जमिनीचा दोष नव्हता. शंका होती ती वरून येणाऱ्या भाराची.

सिमेंटच्या पोत्यांच्या थप्पीवर बसून मी ड्रॉइंगच्या पाठीमागे हिशेब मांडला. सी-7 पासून डावी-उजवीकडे पुढचा कॉलम 4 मीटरवर आणि पुढे-मागे 5 मीटरवर होता. प्रत्येक बाजूला निम्म्या अंतरापर्यंतचा भाग या कॉलमचा, म्हणून 4 गुणिले 5, म्हणजे 20 चौरस मीटर हे त्याच्या वाट्याचे क्षेत्र. स्लॅब 125 मिलिमीटर जाडीचा. काँक्रीटचे वजन घनमीटरला 25 किलोन्यूटन धरले की चौरस मीटरला 3.125 होते. त्यावर फरशी आणि गिलाव्याचा 1 आणि राहत्या घरातल्या माणसांचा-सामानाचा चल भार 2, असे मिळून 6.125 आणि 20 चौरस मीटरचे सुमारे 122 किलोन्यूटन. हे झाले स्लॅबचे. पण स्लॅब कॉलमवर थेट बसत नाही, तो बीमवर बसतो, आणि बीमला स्वतःचेही वजन असते. 230 बाय 450 मिलिमीटरच्या बीमची स्लॅबखाली दिसणारी उंची 325, म्हणजे मीटरला 1.87 किलोन्यूटन. सी-7 च्या वाट्याला चारही बीमची निम्मी लांबी, 2 अधिक 2 अधिक 2.5 अधिक 2.5 अशी 9 मीटर येते, तिचे 17. कॉलम 300 बाय 450 चा आणि मजल्याची उंची 3 मीटर, त्याचे 10. शेवटी या 9 मीटरवर उभी राहणारी 150 ची विटेची भिंत: बीम वजा करून उंची 2.55 मीटर, विटेचे वजन 20 धरून मीटरला 7.65, आणि एकूण 69.

एका मजल्याचे झाले 218 किलोन्यूटन. गच्चीवर आतल्या भिंती नसतात, फरशीऐवजी जलरोधक थराचे 2 आणि चल भाराचे 1.5 धरले, तर गच्चीचे सुमारे 159 येतात. पाच मजले आणि गच्ची मिळून 1,249, म्हणजे साधारण सव्वाशे टन. फूटिंगच्या स्वतःच्या वजनासाठी दहा टक्के वाढवून 250 ने भागले तर 5.5 चौरस मीटर हवे होते, आणि माझ्यासमोर 4.62 चौरस मीटरची जाळी बांधून तयार होती.

मी ऑफिसला फोन करून संगणकावर इमारतीचे मॉडेल बनवणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्याला साइटवर बोलावले. तो तासाभरात लॅपटॉप घेऊन आला आणि हिशेब पाहताच म्हणाला, "सर, मॉडेलमध्ये स्लॅबची दिशा मी एकेरी धरली होती, कदाचित त्यामुळे सी-7 ला कमी आले असेल." शंका प्रामाणिक होती, पण ती चुकीची होती, आणि तिचे कारण त्याला समजावून सांगताना माझाही हिशेब पुन्हा तपासला गेला. चार कॉलमांमधला स्लॅबचा 4 बाय 5 चा पॅनेल दोन्ही दिशांनी भार देतो, तेव्हा काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकामधील आकृतीप्रमाणे चारही कोपऱ्यांतून 45 अंशांच्या रेषा काढल्या की 4 मीटरच्या बीमवर त्रिकोण आणि 5 मीटरच्या बीमवर समलंब चौकोन पडतो. प्रत्येक त्रिकोण 4 चौरस मीटरचा, प्रत्येक समलंब 6 चा. चारांची बेरीज बरोबर 20. यातील एका त्रिकोणाचा निम्मा भाग म्हणजे 2, आणि एका समलंबाचा निम्मा भाग म्हणजे 3, असे मिळून त्या पॅनेलमधून कॉलमला 5 चौरस मीटर येतात, म्हणजे पॅनेलचा चौथा हिस्सा. आता हाच स्लॅब एकेरी धरा: सगळा भार 5 मीटरच्या दोन बीमवर, प्रत्येकी 10 चौरस मीटर, आणि त्याचा निम्मा पुन्हा 5. बीमचे गणित पूर्ण बदलते, पण चारही कोपऱ्यांत कॉलम असलेल्या आयताकृती पॅनेलमधून कॉलमला येणारा वाटा तोच राहतो. म्हणून दिशेचा दोष असता तर आमचे बीम चुकले असते, हे फूटिंग नव्हे.

मग मी त्याला सी-7 चा अक्षीय भार मजल्यानुसार काढायला सांगितला. गच्चीखाली 165, त्याखाली 320, मग 475, 630, 785 आणि सर्वांत खाली 1,010. आम्ही दोघांनी मिळून शेजारशेजारच्या आकड्यांची वजाबाकी केली, आणि चूक डोळ्यांसमोर उभी राहिली: गच्चीने 165 दिले, पुढच्या चार मजल्यांनी प्रत्येकी 155, आणि एकट्या पहिल्या मजल्याने 225. एकाच आराखड्याचे पाच मजले असताना एक मजला बाकीच्यांपेक्षा 70 ने जड कसा? माझ्या कागदावरच्या भिंतीचा आकडा 69 होता.

त्याने सांगितले ते असे: पहिल्या मजल्याचे मॉडेल झाल्यावर त्याने वरचे मजले प्रत करून चढवले. त्या प्रतीत बीम, कॉलम आणि स्लॅबचे भार वर गेले, पण बीमवर वेगळे लावलेले भिंतींचे भार गेले नाहीत. बाहेरच्या भिंती त्याने नंतर हाताने लावल्या, आतल्या भिंतींचा आराखडा वास्तुविशारदाकडून पक्का व्हायचा होता म्हणून थांबला, आणि तो पक्का झाल्यावर तिकडे पुन्हा लक्षच गेले नाही. "पण सर, खालच्या सगळ्या आधारांच्या प्रतिक्रियांची बेरीज लावलेल्या भाराशी जुळत होती," असे तो म्हणाला. अर्थातच जुळणार होती. ती बेरीज मॉडेलमध्ये जेवढा भार आहे तेवढाच खाली पोहोचला का, एवढेच सांगते. जो भार मॉडेलमध्ये कधी गेलाच नाही, त्याची ती दखल घेत नाही. मजल्यागणिक वजाबाकी मात्र ती घेते, कारण एकाच नकाशाचा मजला दर वेळी जवळजवळ तेवढाच भार द्यायला हवा.

त्याने तिथेच भिंती लावून मॉडेल पुन्हा चालवले. सी-7 चा आकडा 1,290 आला, माझ्या 1,249 पेक्षा तीन टक्के जास्त. त्याने विचारले की आता कोणता आकडा धरायचा. वाट्याच्या क्षेत्राचा हिशेब असे मानतो की प्रत्येक बीम दोन्ही टोकांना सारखा भार देतो. पण इमारतीच्या मधोमध, कॉलमांमधल्या लागोपाठच्या दोन गाळ्यांच्या सलग बीमचा मधला आधार असलेला कॉलम टोकाच्या कॉलमांपेक्षा थोडे जास्त ओढून घेतो. बीम नुसते टेकलेले असते आणि दोन्ही गाळे सारखे असते, तर मधल्या आधाराला हिशेबाच्या सव्वापट आले असते. येथे टोकाचे कॉलम बीमला घट्ट धरून होते, म्हणून ती वाढ तीन टक्क्यांवर थांबली. आम्ही 1,290 धरले. फरक वीस टक्क्यांचा असता, तर मी तो सलगपणावर ढकलण्याआधी पुन्हा वजाबाकीकडे वळलो असतो.

ठेकेदाराला बातमी कळली तेव्हा त्याचा पहिला प्रश्न व्यवहाराचा होता: आहे तेच फूटिंग कसेबसे बसवता येईल का. सहकाऱ्याने मजल्यांप्रमाणे चल भार कमी करण्याची तरतूद आठवून दिली. इमारतींवरील भारांच्या आयएस 875 या मानकाच्या दुसऱ्या भागात सहा मजल्यांचा भार घेणाऱ्या कॉलमला चल भारात 40 टक्के सूट मिळते. सी-7 चा एकूण चल भार पाच मजल्यांचा 200 आणि गच्चीचा 30, म्हणजे 230. त्याची 40 टक्के सूट 92. तरीही सुमारे 1,200 उरतात, आणि त्यासाठी 5.3 चौरस मीटर हवेत. 2.15 चे फूटिंग तेव्हाही अपुरेच होते, म्हणून तो विषय तिथेच संपला. निवासी इमारतीत स्थिर भारच एवढा मोठा असतो की ही सूट फार काही वाचवत नाही.

फूटिंग 2.40 मीटर चौरस करायचे ठरले, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेबारा सेंटिमीटर वाढ, आणि जाडीतही वाढ. कॉलमकडेही पाहावे लागले: 300 बाय 450 चा, एम-25 काँक्रीटचा, 16 मिलिमीटरचे आठ बार. सुरक्षिततेसाठी दीडपट केलेला भार 1,515 वरून 1,935 झाला. निव्वळ दाबाची त्याची क्षमता मात्र 1,870 च्या आसपास होती. खालच्या दोन टप्प्यांत 16 चे बार 20 चे करण्याचे मी ड्रॉइंगवर लिहिले आणि भूकंपाच्या भारसंयोगांसह कॉलमांची तपासणी त्याच संध्याकाळी ऑफिसमध्ये पुन्हा करून घेतली. अशा आतल्या कॉलमांची संख्या चार निघाली. कडेच्या कॉलमांना बाहेरच्या भिंतीशी काटकोनात असलेल्या आतल्या भिंतीचा थोडाच भाग लागला होता, म्हणून सी-6 साठी 1.90 चे 1.95 एवढीच वाढ पुरली.

दोनची गाडी परत गेली. ठेकेदाराच्या माणसांनी उभे बार मोकळे करून जाळी उचलून बाजूला ठेवली, पीसीसीच्या कडेने पहारीने मुरुम फोडायला सुरुवात केली, आणि सुपरवायझर न बोलता टेपने चारही बाजूंनी साडेबारा सेंटिमीटर मोजत खडूच्या रेघा मारत होता. सहकारी लॅपटॉप बंद करून माझ्या ड्रॉइंगच्या पाठीमागे पेन्सिलीने सहा आकडे आणि त्यांच्या पाच वजाबाक्या उतरवून घेत होता. सी-6 चे आकडे त्याने मी न सांगताच शेजारी लिहायला घेतले होते.